उभ्याने वाचायचा पेपर

त्या इंजिनिअर साहेबांनी फोनवर मला जे सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. म्हणाले, मॅडम, तुमचा पेपर मिळाला, छापून टेबलावर ठेवलाय, पण चौदा पानं वाचायला मला या जन्मात वेळ मिळेल असं वाटत नाही. पुढच्या महिन्यात भिलाईत कॉन्फरन्स आहे ना, तिथे पोस्टर लावा. मी येणारच आहे. उभ्या उभ्या वाचतो आणि काय ते तिथेच सांगतो.

उभ्या उभ्या! चार वर्षं मी त्या चौदा पानांवर घालवली होती. दिवसभर कॉलेजात मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये भट्टीपुढे बसायचं, असं करून तो पेपर उभा राहिला होता. जर्नलवाल्यांनी दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा घेतला. आणि हा माणूस म्हणतो, उभ्या उभ्या वाचतो.

पण त्याला नाही म्हणायची माझी सोय नव्हती. पीएचडीचा शेवटचा भाग तेवढा बाकी होता. लॅबमध्ये जे दिसलं ते खऱ्या कारखान्यात दिसतं का, हे तपासायचं होतं, आणि त्यासाठी एका कारखान्याने आपल्या एका लेडलवर मला प्रयोग करू द्यायला हवा होता. हे साहेब रायपूरच्या बाजूच्या एका पोलाद कारखान्यात लेडल विभागाचे प्रमुख. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. त्यांनी हो म्हटलं तर पीएचडी, नाही म्हटलं तर चार वर्षं पाण्यात. इतकं साधं गणित.

पेपरात काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लेडल म्हणजे वितळलेलं पोलाद भरून न्यायची मोठी बादली. आतून तिला खास विटांचं अस्तर असतं. पोलादावर जो मळ तरंगतो, स्लॅग म्हणतात त्याला, तो जिथे विटांना टेकतो तिथे विटा सगळ्यात लवकर झिजतात. सगळे म्हणतात, स्लॅग वीट खातो. खातोच. पण मला असं दिसलं की तो खायला येण्याआधीच वीट अर्धी कामातून गेलेली असते. या विटांत कार्बन मिसळलेला असतो, आणि तोच स्लॅगला आत शिरू देत नाही. लेडल रिकामा होतो, पुढच्या पोलादाची वाट पाहत लालबुंद आणि उघडा उभा राहतो, तेव्हा हवा लागून वरच्या थरातला हा कार्बन जळून जातो. मग स्लॅग आला की त्याला दार उघडंच. थोडक्यात, वीट झिजायला सुरुवात होते ती लेडल रिकामा असताना. लॅबमध्ये मी काही विटा उघड्या तापवल्या, काही झाकण ठेवून, आणि मग दोन्हींवर स्लॅग सोडला. झाकणाखालच्या विटा बऱ्याच जास्त टिकल्या. मला कारखान्यात एवढंच करून पाहायचं होतं, एक लेडल रिकामा असताना झाकून ठेवायचा.

हे मी आता चार ओळींत सांगितलं. तेव्हा मला ते चार ओळींत सांगता येत नव्हतं, हीच तर सगळी भानगड होती.

पोस्टरचा पहिला मसुदा मी एका दुपारीत केला, इतकी मी हुशार. स्लाइडचं पान पोस्टरच्या मापाचं केलं, उभं, जवळपास माझ्या खांद्याइतकं उंच, आणि त्यात पेपरातला मजकूर उचलून टाकला. मावेना तेव्हा अक्षरं बारीक केली. तरी मावेना तेव्हा आणखी बारीक. पेपरचं शीर्षक तीन ओळींचं होतं, तेही तसंच्या तसं वर. सातही आकृत्या, तिन्ही तक्ते, खाली चाळीस संदर्भ. एक बोट ठेवायला जागा उरली नव्हती आणि मला त्याचाच अभिमान वाटला.

माझे गाइड हिंदीभाषक, कमी बोलणारे. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ये तो अखबार चिपका दिया आपने दीवार पर." मग कागदावर त्यांनी एक रिकामा चौकोन काढला आणि विचारलं की माणूस सहा फुटांवरून चालत जाताना त्याला फक्त एकच गोष्ट दिसणार असेल तर ती कोणती. मी बोलायला लागले. पाच मिनिटं बोलले. ते म्हणाले, ये एक नहीं हुआ.

मला राग आला. त्यांच्यावर नाही, त्या चौकोनावर. घरी येऊन मी दोन दिवस धुसफुसत बसले आणि मग कापायला घेतलं. आता कापायचं तर कापायचं. आधी सारांश गेला, कारण पोस्टर हाच सारांश असतो. मग प्रस्तावना. त्यात मी जगातल्या सगळ्या विटांचा इतिहास लिहिला होता. नमनालाच घडाभर तेल. त्याची दोन वाक्यं केली. पद्धत हा भाग दीड पानाचा होता. त्यातलं भट्टीचं मॉडेल, पावडरचा दाणा, साच्यावरचा दाब हे सगळं पेपरात राहू दे म्हटलं, ज्याला हवं त्याच्यासाठी कोपऱ्यात क्यूआर कोड दिला, आणि पोस्टरवर तीन छोटी चित्रं ठेवली: वीट, भट्टी, झाकण. तक्ते गेले. एका तक्त्यासाठी मी सहा महिने आकडे गोळा केले होते. तो डिलीट करताना मला खरोखर रडू आलं, आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं, कोण गेलं. सहा हजारांवर शब्द होते, ते तीनशेवर आले.

सात आकृत्यांतून दोन उरल्या. एक होता विटेचा कापलेला तुकडा, सूक्ष्मदर्शकाखालचा, ज्यात कार्बन जळालेला थर स्पष्ट दिसतो. दुसरा आलेख, उघडी वीट आणि झाकलेली वीट. पेपरात हा आलेख काळापांढरा होता, एक अखंड रेघ आणि एक तुटक. पोस्टरवर मी त्याला रंग दिला. कुठेतरी वाचलं होतं की सगळं करडं ठेवा आणि जे सांगायचं ते एकाच भडक रंगात. म्हणून उघड्या विटेची रेघ करडी केली, आणि माझ्या लाडक्या झाकलेल्या विटेची रेघ जाड लाल. डोळा तिथेच जायला पाहिजे. काय सुंदर दिसत होतं!

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये एक फ्लेक्सवाला आहे. त्याच्याकडे लग्नाचे, वाढदिवसाचे, नेत्यांचे फ्लेक्स निघतात, आणि पोस्टरही चांगल्या मॅट कागदावर काढून देतो. चमकणारा कागद घेऊ नका, असं त्यानेच सांगितलं, ट्यूबलाइटखाली अर्धं पोस्टर पांढरंच दिसतं. फाइल उघडून त्याने विटेचा फोटो मोठा केला आणि मान हलवली. "मैडम, ये फट जाएगा." मी तो फोटो पेपरच्या पीडीएफमधून कापून घेतला होता. लहान असताना छान दिसायचा, मोठा केल्यावर नुसते चौकोन. परत कॉलेजात जाऊन सूक्ष्मदर्शकाची मूळ फाइल आणली, आलेखही चित्र म्हणून न चिकटवता सॉफ्टवेअरमधून नव्याने काढून आणला, कितीही ताणला तरी फाटणार नाही असा. गुरुवारी दुपारी पोस्टर हातात आलं. कॉन्फरन्स शनिवारी. गुंडाळी काखेत मारून मी बोरसीला घरी आले, विजयी मुद्रेने.

बोरसीचं घर बाबांनी निवृत्तीच्या आधी बांधलं. आम्ही मूळचे विदर्भातले. बाबा तरुणपणी इकडे आले आणि सगळं आयुष्य भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये काढलं, शेवटी पाळीचे इनचार्ज होऊन. लेडलशी त्यांचा संबंध नाही. पोलाद त्यांच्याकडे यायचं ते घट्ट होऊन. गेल्या चार वर्षांत त्यांनी मला कितीदा विचारलं असेल, "तू काय करून राहिली बाप्पा त्या लॅबमधी?" आणि दर वेळी मी म्हणायची, बाबा, तुम्हाला नाही समजणार ते. चिडून नाही म्हणायची, अगदी सहज. पेपर छापून आला तेव्हा त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि घराच्या कागदांबरोबर कपाटात ठेवली. वाचली नाही. मी वाचून दाखवली नाही.

पोस्टर नीट लटकतं का ते पाहावं म्हणून मी हॉलमध्ये पडद्याच्या दांडीला चिमटे लावून ते टांगलं. बाबा आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मिलमध्ये राउंड घेताना ते असेच उभे राहत असतील. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "थांब. मले पाहू दे."

चांगली दोन-तीन मिनिटं पाहिलं. मग मला म्हणाले, मी परत सांगतो, बरोबर हाय का ते तू ऐक.

हे "परत सांगणं" काय आहे ते मला माहीत होतं, लहानपणापासून ऐकलंय. पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. उभ्याने, यंत्राजवळ. काय चालू आहे, काय बिघडलंय, काय करायचं आहे, एवढंच. येणाऱ्याचं डोकं अजून घरीच असतं, रस्त्यात असतं, म्हणून लांबण लावायची नाही. आणि सांगून झालं की येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्याने बरोबर सांगितलं तरच जाणारा घरी जातो. चूक सांगितलं तर चूक सांगणाऱ्याची नाही, चार्ज देणाऱ्याची, त्याने पुन्हा द्यायचा. बाबांच्या मिलमध्ये हा नियम फार कडक होता, आणि आमच्या घरात त्याहून कडक. आईने बाजाराची यादी सांगितली तरी बाबा परत सांगायचे.

"तर असं हाय," बाबा म्हणाले, "का लेडलवर झाकण ठेवलं तर वीट खराब होते. म्हणून झाकण ठेवू नका."

मी भडकले. म्हटलं, बाबा, नीट वाचा, बरोबर उलटं आहे, झाकण ठेवा असं लिहिलंय मी, चार वर्षं झाकण ठेवा हेच सांगतेय मी! आणि वर आणखी ते नेहमीचं वाक्य जोडलं, की म्हणूनच मी म्हणते तुम्हाला नाही समजणार. हे मी मोठ्याने बोलले. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी आलेखाजवळ जाऊन बोट ठेवलं. "हे लाल हाय. अन् वर हाय. लाल अन् वर म्हणजे काय होते, सांग मले."

मी आलेखाजवळ सरकले.

"पॅनलवर लाल रेघ वर गेली का आमी धावत होतो. तीस वर्षं धावलो. आता तू म्हणतं का लाल चांगलं. कसं पटल बेटा?"

आलेखात मी उभ्या बाजूला विटेची उरलेली जाडी घेतली होती. झाकलेल्या विटेची जाडी जास्त उरते, म्हणून तिची रेघ वर. पेपर वाचणारा माणूस आधी अक्षावरचं नाव वाचतो. उभा माणूस वाचत नाही. तो लाल बघतो आणि वर बघतो. आणि रेघा कोणत्या ते सांगणारी चौकट मी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ठेवली होती.

मी म्हटलं, पण खालचा निष्कर्ष? तो तर वाचला असेल. बाबा म्हणाले, निष्कर्षापर्यंत मी पोहोचलोच नाही. मग बोटाने दाखवलं, नजर कुठून कुठे गेली ते. मधला फोटो मोठा, म्हणून आधी तिथे. तिथून उजवीकडे, आलेखावर. आलेख लाल, म्हणून तिथेच अडकले. डावीकडचा रकाना, जिथे मी रिकाम्या लेडलची गोष्ट सुरू केली होती, तो त्यांनी पाहिलाच नव्हता. आणि शीर्षक? शीर्षकात मला एक शब्दही ओळखीचा दिसला नाही, म्हणाले, मग मी ते सोडून दिलं.

मी पोस्टर काढलं, गुंडाळलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बाबांचा संताप आला होता. म्हातारा माणूस, मिलमधला, त्याला आलेख कळत नाही, त्यात माझं काय चुकलं? असं दहा मिनिटं मनाशी बोलले. अकराव्या मिनिटाला एकदम लक्षात आलं की तो इंजिनिअर साहेब तरी कोण आहे? त्यानेही उभं आयुष्य पॅनलपुढे काढलंय. तोही लाल बघितलं की धावणारा माणूस. चहाचा कप हातात घेऊन तो येईल, लाल बघेल, वर बघेल, मान हलवेल आणि पुढच्या पोस्टरकडे जाईल. आणि मला कधी कळणारही नाही की तो का गेला. गाइडना ही चूक दिसली नाही, मला दिसली नाही, कारण आम्ही दोघं पेपर वाचणारी माणसं. जगभर विचारत फिरले आणि ज्याला विचारायचं तो माणूस घरात सोफ्यावर. काखेत कळसा, दुसरं काय.

तोंड धुतलं आणि टेबलाशी बसले. ठरवलं, पुन्हा करायचं. छापलेलं वाया गेलं तर जाऊ दे.

आलेख आधी. उरलेली जाडी काढून टाकली, त्याऐवजी किती झीज झाली ते घेतलं. आकडे तेच, फक्त मोजायचं ते दुसऱ्या टोकाकडून. आता उघड्या विटेची रेघ वर चढली, आणि तिला लाल दिलं. झाकलेली खाली राहिली, तिला निळं. ती कोपऱ्यातली चौकट उडवली आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशीच तिचं नाव लिहिलं, "उघडी" आणि "झाकलेली", इंग्रजीत अर्थातच, पण तितकेच सोपे शब्द.

मग नजरेची वाट. उभे रकाने मोडले. वरून खाली तीन आडवे पट्टे केले, माणूस जशी नजर खाली आणतो तसे. पहिल्या पट्ट्यात रिकामा उघडा लेडल. दुसऱ्यात कापलेल्या विटेचा फोटो, जळालेल्या थराभोवती एक पांढरी कडा आणि बाजूला एकच वाक्य. तिसऱ्यात आलेख. एका पट्ट्यातून दुसऱ्यात एक जाड बाण, आणि डाव्या कडेला मोठे आकडे, एक, दोन, तीन. शेवटी एक चौकट: आम्हाला काय करून पाहायचं आहे. एक लेडल, रिकामा असताना झाकण. पट्ट्यांच्या मध्ये मोकळी पांढरी जागा ठेवली. आधी मला ती जागा वाया गेल्यासारखी वाटायची. आता वाटलं, इथे तो श्वास घेईल.

शीर्षक सगळ्यात अवघड गेलं. पेपरचं नाव बदलायला हात धजत नव्हता. शेवटी ते खाली बारीक अक्षरांत ठेवलं, ज्याला शोधायचं आहे त्याच्यासाठी, आणि वर मोठ्या ठळक अक्षरांत एक साधं वाक्य लिहिलं: लेडल रिकामा असतानाच वीट झिजायला लागते. हे लिहिल्यावर मला कळलं की गाइडनी काढलेल्या चौकोनात हेच भरायचं होतं.

शुक्रवारी सकाळी फोनवर गाइडना शीर्षकाचं सांगितलं. ते म्हणाले, अब एक हुआ. या वेळी मी शहाणी झाले होते. आधी साध्या कागदावर छोटी प्रत काढली. त्या आकारातही अक्षरं वाचता आली तर मोठ्यावर लांबून वाचता येतात. बाबा अंगणात झाडांना पाणी घालत होते, त्यांच्या हातात ती प्रत दिली आणि काही न बोलता बाजूला उभी राहिले. जीभ दाताखाली दाबून. मला गप्प राहायला फार कष्ट पडतात, घरातलं कोणीही सांगेल.

बाबांनी नळ बंद केला. कागद हातभर लांब धरला. वाचला. "लेडल खाली होते, उघडा राहते. हवेनं विटेतला कोळसा जळते. मग स्लॅग आत घुसते. झाकण ठेवलं तर कमी घुसते. तुले एका लेडलवर झाकण ठेवून पाहायचं हाय." मग माझ्याकडे पाहिलं. "हेच करून राहिली होती का तू चार वर्षं?"

मी म्हटलं, हाव.

"मग हे तर समजते," ते म्हणाले, आणि नळ पुन्हा सुरू केला. मला इतकी लाज वाटली की मी तिथून सरळ स्कूटर काढली आणि कॅम्प-१ गाठलं. फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसांची रांग होती. दुपारभर त्याच्या स्टुलावर बसून राहिले, पण पोस्टर हातात घेतल्याशिवाय हलले नाही.

शनिवारी हॉल नेहरू नगरच्या बाजूला. भिंतीला लागून बोर्ड, त्यावर एकापाठोपाठ पोस्टरं. माझ्या शेजारचं पोस्टर पाहून मला माझा पहिला मसुदा आठवला, आणि त्यापुढे उभ्या बिचाऱ्या स्कॉलरची दया आली. तो येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या ओळीपासून समजावत होता आणि प्रत्येक जण तिसऱ्या ओळीला मोबाइल काढत होता.

साहेब चहाच्या सुट्टीत आले. हातात कप, गळ्यात बॅज, चेहऱ्यावर घाई. मला ओळखलं नाही, पण वरचं मोठं शीर्षक वाचलं. थांबले. थांबलेच! माझ्या घशात सगळी चौदा पानं एकदम आली. पण मी बोलले नाही. एक पाऊल बाजूला सरकले, की पोस्टर झाकलं जाऊ नये. त्यांची नजर वरून पहिल्या पट्ट्यावर आली, तिथून फोटोवर, तिथे जरा रेंगाळली, मग आलेखावर, मग खालच्या चौकटीवर. जशी मी आणायची ठरवली होती तशीच. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळले, प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

त्यांच्या आधी मीच विचारलं. आता विचार केला तर वाटतं, केवढी हिंमत. "सर, एक बार वापस बताइए ना, आपको क्या समझा?"

ते चमकले. कॉन्फरन्समध्ये कुणी पाहुण्याची परीक्षा घेत नाही. मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरत म्हणाले, "खाली लेडल को ढक दो, ब्रिक बचेगी. खाली में ही मार खा रही है." मग लगेच कामावर आले. झाकण ठेवायला-काढायला वेळ जाईल, क्रेन अडकेल, माझी माणसं शिव्या देतील. मी म्हटलं, म्हणून एकच लेडल मागतेय, आणि फक्त एका अस्तराच्या आयुष्यापुरता. बाकीचे तुमचे तसेच चालू द्या, म्हणजे तुलनाही होईल. ते पुन्हा त्या खालच्या चौकटीकडे बघत राहिले. कपातला चहा संपला होता तरी कप तोंडाला लावला.

"एक लेडल," ते म्हणाले. "सोमवार को मेल कीजिए, मैं परमिशन डालता हूँ." मग जाता जाता थांबले आणि विचारलं, आप किस शॉप में थीं? शॉप म्हणजे प्लांटमधला विभाग; त्यांना वाटलं मी कधीतरी प्लांटमध्ये पाळी केली आहे. असा चार्ज शाळा-कॉलेजातले लोक देत नाहीत, म्हणाले.

मी सांगितलं, मी नाही, माझे वडील, रोलिंग मिलमध्ये.

घरी पोहोचले तेव्हा बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. वर्तमानपत्र उघडं होतं पण वाचत नव्हते, हे लांबूनच कळलं. पोस्टर कसं झालं, लोक काय म्हणाले, असलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्यानं परत सांगितलं?"

"सांगितलं."

"बरोबर?"

"बरोबर, बाबा. एक लेडल देतो म्हणाला."

बाबांनी मान डोलवली आणि वर्तमानपत्राची घडी केली. मला रडू फुटलं. चार वर्षं मी या माणसाला दारातूनच परत पाठवत होते. आत गेले, कपाट उघडलं, घराच्या कागदांतून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. पेपरच्या कडा अजून कोऱ्या होत्या, एक पान उलटलेलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि पहिलं पान उघडलं.

"मी सांगते," मी म्हटलं, "तुम्ही परत सांगा. नाही समजलं तर चूक माझी."

बाबांनी खिशातून चष्मा काढला.